मंगळागौरीची रात्र आणि आईचे वाण

मंगळागौरीच्या पूजेत हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायची असते, आणि बहुतेक घरांत ती ऐकताना सगळ्यांचे लक्ष स्वयंपाकघराकडे लागलेले असते. पूजा लांबलेली असते, वशेळ्या, म्हणजे पूजेला बसलेल्या नवविवाहित मुली, उपाशी असतात, गुरुजींना दुसऱ्या घरी जायचे असते, म्हणून कहाणी भराभर वाचून संपवली जाते. मला मात्र असे वाटते की या व्रतातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, म्हणजे रात्रीचे जागरण, रात्रीचा फराळ, पाचव्या वर्षी आईला द्यायचे वाण, त्यातला नाग, त्यातले लाडू आणि भांड्याच्या तोंडाला बांधलेला खण, हे सारे त्या कहाणीतल्या एका रात्रीतून आलेले आहे. ती रात्र नीट ऐकली तर पुढचे पाच वर्षांचे व्रत आपोआप उलगडते.

कहाणीचा पूर्वार्ध अनेकांना ठाऊक असतो. आटपाट नगरातल्या निपुत्रिक वाण्याला देवीच्या कृपेने मुलगा होतो, पण तो अल्पायुषी असतो. मुंजीनंतर मामा त्याला घेऊन काशीयात्रेला निघतो. वाटेत एका गावात मुली खेळत असतात. त्यांच्यात भांडण जुंपते आणि एक जण दुसरीला वैधव्याची शिवी देते. तेव्हा ती दुसरी सांगते की माझी आई मंगळागौरीचे व्रत करते, आमच्या कुळात कुणी विधवा व्हायचे नाही. मामा हे ऐकतो आणि भाच्याचे लग्न याच मुलीशी लावायचे असे मनाशी ठरवतो. तिचा ठरलेला वर आयत्या वेळी आजारी पडतो, त्याच्या जागी या मुलाला बोहल्यावर उभे केले जाते आणि लग्न लागते.

खरी कहाणी इथून सुरू होते. गौरीहरापाशी नवरा-नवरी झोपलेली असताना देवी मुलीला दृष्टांत देते. नवऱ्याला दंश करायला सर्प येईल, त्याच्यासाठी दूध ठेव, जवळ एक कोरा करा, म्हणजे मातीचे लहान भांडे, ठेव, दूध पिऊन सर्प कऱ्यात शिरला की अंगातल्या चोळीने त्याचे तोंड बांध आणि सकाळी ते वाण आईला दे. मुलगी सगळे तसेच करते. थोड्या वेळाने नवरा उठतो आणि भूक लागली म्हणतो. ती त्याला लाडू देते, तो तिला अंगठी देतो आणि पहाटे निघून जातो. सकाळी आई करा उघडते तो आत सर्पाऐवजी हार निघतो, आणि आई तो लेकीच्याच गळ्यात घालते. पुढे मूळचा वर मांडवात येतो, पण लाडवांची आणि अंगठीची खूण त्याला पटवता येत नाही. मग आईबाप अन्नछत्र घालतात, येणाऱ्या प्रत्येकाचे पाय मुलगी धुते, आणि काशीहून परतणारा खरा नवरा एक दिवस त्या पंगतीला येतो. मधल्या काळात काशीत त्याचे प्राण न्यायला आलेल्या यमदूतांशी मंगळागौर स्वतः लढलेली असते.

या कहाणीतली मुलगी नवसासायास करत नाही, रडत नाही आणि कुणाची मदतही मागत नाही. ती जागी राहते, एवढेच तिचे कर्तृत्व आहे. मंगळागौर ‘जागवायची’ असते ती म्हणूनच, असे मी मानते. पूजा हा दिवसाचा भाग झाला आणि खेळ हा रात्रीचा. पण खेळ पूजेनंतरची करमणूक नसून जागे राहण्याचा उपाय आहेत.

आता वेळापत्रकाकडे वळते, कारण त्यात दरवर्षी गोंधळ होतो. लग्नानंतर येणाऱ्या पहिल्या श्रावणापासून ओळीने पाच वर्षे, श्रावणातल्या प्रत्येक मंगळवारी ही पूजा करायची असते. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, त्यामुळे आपला श्रावण आषाढ अमावास्येनंतर सुरू होतो. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो आणि तिथला श्रावण सुमारे पंधरा दिवस आधीच लागतो. मोबाइलवर तारखा शोधणाऱ्या मुलींना अनेकदा उत्तरेकडच्या तारखा दिसतात. 2025 साली उत्तरेकडे 15 जुलैलाच पहिला मंगळवार होता, तर आपला श्रावण 25 जुलैला लागला आणि पहिली मंगळागौर 29 जुलैला आली. मागच्या पिढीला असा प्रश्न पडत नव्हता, कारण पंचांग घरातच भिंतीवर टांगलेले असे.

मंगळवार किती येतील हेही ठरावीक नसते. चांद्रमास साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो, त्यामुळे बहुधा चार मंगळवार मिळतात आणि एखाद्या वर्षी पाच. 2026 मध्ये 18 आणि 25 ऑगस्ट, 1 आणि 8 सप्टेंबर असे चार येतात. 2027 मध्ये 3 ऑगस्टच्या मंगळवारी प्रतिपदा आणि 31 ऑगस्टच्या मंगळवारी अमावास्या असल्यामुळे पूर्ण पाच पूजा करायच्या आहेत. अधिक महिना आला तर व्रत निज महिन्यात करतात. 2023 साली श्रावणच अधिक आला होता. 18 जुलै ते 16 ऑगस्ट हा अधिक श्रावण सोडून 22 ऑगस्टपासून पूजा सुरू झाल्या, आणि ज्यांनी जुलैतच हॉल ठरवून ठेवले होते त्यांची धावपळ झाली. सोयर, सुतक किंवा पाळी यांमुळे एखादा मंगळवार चुकतो. अशा वेळी जुन्या बायका पुढचा मंगळवार धरायला सांगत, आणि श्रावणच संपला तर तेवढी पूजा सोडून देत. व्रत मोडले असे कुणी म्हणत नसे. प्रत्येक मंगळवार थाटात करायचा नसतोच. चारांपैकी एक मंगळवार जागवायचा, बाकीच्या दिवशी सकाळची पूजा, कहाणी आणि आरती एवढेच करायचे, असा मध्यमवर्गीय घरांचा शहाणा प्रघात आहे. पहिल्या वर्षीचा जागर बहुधा माहेरी होतो, काही कुळांत सासरी.

माझ्या भाचीची पहिली मंगळागौर 2025 मध्ये पहिल्याच मंगळवारी, म्हणजे 29 जुलैला करायची ठरली, आणि नंतर लक्षात आले की त्या दिवशी नागपंचमी आहे. आमच्या घरी नागपंचमीला चिरत नाहीत, तळत नाहीत आणि चुलीवर तवा ठेवत नाहीत. मंगळागौरीचा रात्रीचा फराळ म्हणजे भाजणीचे वडे, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि मुगाची खिचडी, हे तर ठरलेलेच. त्यातले वडे गेले, थालीपीठही गेले. वहिनीने तारीख बदलावी असे सुचवले. आईने मात्र शांतपणे सगळा बेत नव्याने मांडला. नैवेद्याला पुरणाचे दिंड उकडायचे, म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून चौकोनी घडी घालायची आणि मोदकासारखे वाफवायचे. करंज्या आणि चकल्या सोमवारी तळून डब्यात भरायच्या. बेसनाचे लाडू रविवारीच वळून ठेवायचे. मटकी शनिवारी रात्री भिजवायची, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, म्हणजे पावसाळी गारव्यातही मंगळवारपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. नारळ आदल्या रात्री खोवून ठेवला आणि उसळीत कांद्याऐवजी गूळ-आमसूल घातले. ज्या कहाणीच्या मध्यावर सर्प येतो ती कहाणी नागपंचमीच्या दिवशी, समोर पाटावर गंधाने काढलेले नाग असताना वाचली गेली, याचा मला मनापासून आनंद झाला.

पूजेला भाचीबरोबर चार वशेळ्या बसल्या होत्या. लग्नाला पाच वर्षे पूर्ण न झालेल्या, म्हणजे ज्यांचे व्रत चालू आहे अशा मुलींना वशेळ्या म्हणून बोलावतात. काही घरांत त्यांना वसोळ्या म्हणतात. चौरंगावर मधोमध अन्नपूर्णेची धातूची मूर्ती असते. लग्नात गौरीहर पुजताना मुलीने जी अन्नपूर्णा पुजलेली असते आणि जी घेऊन ती सासरी जाते, तीच ही. शेजारी महादेवाची पिंड ठेवतात. पूजा षोडशोपचारे होते आणि सोळा हा आकडा पुढे सगळीकडे येत राहतो. पत्री सोळा प्रकारची, कणकेचे दिवे सोळा, वातींचे पदर सोळा. हळद, कुंकू, काजळ, काळे मणी, फणी, बांगड्या, कापसाची वस्त्रे, विड्याची पाने, सुपारी, खारीक, बदाम, हळकुंडे, गूळ-खोबरे हे साहित्य प्रत्येकीच्या ताम्हणाशेजारी आधीच मांडून ठेवावे लागते, नाहीतर गुरुजी मंत्र म्हणत पुढे जातात आणि मुली वस्तू शोधत राहतात.

पत्रीबद्दल मला थोडे आग्रहाने लिहायचे आहे. आघाडा, दूर्वा, बेल, तुळस, शमी, रुई, धोतरा, कण्हेर, डाळिंब, मरवा, जाई अशी पाने यादीत असतात. घराघरांप्रमाणे याद्या थोड्या बदलतात. पूर्वी ही पाने मुली स्वतः आदल्या दिवशी खुडून आणत, त्यामुळे पान ओळखता येत असे. आता बाजारात पत्रीची जुडी मिळते आणि ती सोडली की निम्म्याहून अधिक पाला कुठल्याही कुंपणावरचा निघतो. आघाडा आहे की नाही हे ओळखणे सोपे आहे: त्याचा लांब तुरा शेंड्याकडून देठाकडे बोटांनी ओढला तर गुळगुळीत लागतो आणि उलट ओढला तर फळे बोटांना टोचतात. शमीची पाने बारीक, जोडीजोडीने लागलेली असतात आणि फांदीला आखूड काटे असतात. माझे मत असे की ओळखीच्या सात पत्री वाहाव्यात आणि उरलेल्यांच्या जागी अक्षता वाहाव्यात; सोळाचा आकडा भरण्यासाठी अनोळखी पाला देवीला वाहू नये. दुसरी गोष्ट काळजीची आहे. धोतरा, कण्हेर आणि रुई या तिन्ही वनस्पती विषारी आहेत. ही पत्री नैवेद्याच्या ताटाजवळ ठेवू नये, घरात रांगते मूल असेल तर चौरंगाखाली सांडलेली पाने लगेच उचलावीत आणि पत्री हाताळल्यावर हात धुऊनच लाडवाला लावावेत.

पूजा, कहाणी आणि आरती झाली की वशेळ्या मौन धरून जेवतात. वाढणारीला खुणेने सांगावे लागते आणि सगळ्यांना हसू येते. पण दिवसभराच्या गलबल्यात त्या मुलींना मिळणारा तो एकमेव निवांत वेळ असतो, आणि तो प्रघात कुणीतरी फार समजून घालून दिला असावा असे मला वाटते.

संध्याकाळी पुन्हा आरती होते, दिवेलागणीनंतर बायका जमू लागतात आणि फराळ झाला की जाजम गुंडाळून जागा मोकळी केली जाते. जागरणाचे खेळ शंभराच्या वर मोजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. एकट्या फुगडीचेच किती प्रकार आहेत. पण रात्र निभावायची तर नुसती यादी पाठ असून चालत नाही, खेळांचा क्रम कळावा लागतो. आमच्या आत्या हे काम करीत. त्या स्वतः फारशा खेळत नसत, पण कुणाला दम लागला आहे हे त्यांना चेहऱ्यावरून कळे. आरंभी त्या झिम्मा घ्यायला लावत, कारण टाळ्या आणि थोडे वाकणे एवढ्याने अंग तापते आणि बुजलेल्या मुलीही फेरात येतात. मग साधी उभी फुगडी. मग पिंगा, ज्यात कमरेवर हात ठेवून वाकून जोडीदारणीभोवती घुमायचे असते. एवढे झाले की त्या मुद्दाम सासू-सुनेचे किंवा सवतींचे भांडण लावत. ती गाण्यातली सवालजवाबांची जुगलबंदी असते, दोघी पुढे-मागे पावले टाकीत भांडतात आणि बाकीच्या बसून हसतात. दम परत येतो तो तेव्हा. त्यानंतर कोंबडा, बसफुगडी, गाठोडे असे उकिडवे किंवा जमिनीवर बसून करायचे कठीण खेळ. मध्यरात्रीनंतर सूप नाचवणे, लाटण्याची फुगडी, आणि पहाटेकडे पुन्हा गाणी, उखाणे, फेर.

फुगडीत नवखी मुलगी कोपर वाकवते, आणि तिथेच फुगडी बिघडते. दोघींनी समोरासमोर उभे राहून पायांचे चवडे एकमेकींजवळ आणायचे, हात आडवे-तिडवे धरायचे, म्हणजे उजव्यात उजवा आणि डाव्यात डावा, आणि मग कोपर सरळ ठेवून मागे रेलायचे. रेलल्याशिवाय वेग येत नाही, आणि समोरचीवर विश्वास असल्याशिवाय रेलता येत नाही. पाय उचलून धावायचे नसते, चवड्यावर बारीक बारीक सरकायचे असते. पकड बोटांची नको, मनगटाची हवी, कारण तळवे घामेजले की बोटे सुटतात. आणि मनगट धरायचे तर काचेच्या बांगड्या आधी वर सरकवून रुमालाने बांधाव्या लागतात. उंची आणि वजन यांत फार फरक असेल तर जड बाई जागच्या जागी फिरते आणि हलकी बाहेर फेकली जाते, म्हणून आत्या जोड्या स्वतः लावत. थांबतानाही एकदम हात सोडायचे नाहीत, वेग कमी करीत यायचे आणि थांबल्यावर क्षणभर हात धरूनच उभे राहायचे, कारण घेरी थांबल्यावर येते.

हे खेळ शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि काष्ट्याच्या लुगड्यात वाढले. सारवलेली जमीन पायाला धरते आणि पडले तर फार लागत नाही. आज गुळगुळीत फरशीवर, पाचवारी साडीत आणि जरीच्या घोळात तीच फुगडी घालणे धोक्याचे आहे. जाजम अंथरले तर चवडे अडकतात आणि मोजे घातले तर पाय घसरतात. कोरडी फरशी आणि अनवाणी पाय हाच त्यातल्या त्यात चांगला पर्याय. बसफुगडी आणि कोंबडा यांत सगळा भार गुडघ्यांवर येतो. ज्यांना रोज उकिडवे बसायची सवय नाही त्यांनी ते खेळ श्रावणाआधी थोडे थोडे करून पाहावेत. गाठोडे, म्हणजे मांडी घालून, पायाचे अंगठे धरून मागे लोळत जायचे आणि पुन्हा उठायचे, हा खेळ भरल्या पोटी करू नये, कारण मटकीची उसळ तेव्हा आपले अस्तित्व दाखवते.

आता अनेक शहरांत मंगळागौरीचे खेळ सादर करणाऱ्या महिलांचे गट आहेत. ते सुपारी घेतात, एकसारख्या नऊवारी नेसून येतात आणि दोन तासांत वीस-पंचवीस खेळ सफाईने करून दाखवतात. त्यांच्यामुळे कितीतरी खेळ आणि गाणी टिकली, हे ऋण मी मान्य करते. तरीही मला त्यात एक गोष्ट खटकते. त्या खेळतात आणि नवी नवरी खुर्चीवर बसून पाहते. भाचीच्या वेळी आम्ही गट बोलावला, पण पहिला तासभर त्यांनी शिकवावे आणि नंतर घरच्या बायकांनी खेळावे असे आधीच ठरवून घेतले, आणि त्या बायकांनीही ते आनंदाने मान्य केले. त्याच रात्री, काका गेल्यापासून अशा समारंभांना न येणारी माझी धाकटी काकू भाचीने हट्टाने बोलावली होती. पूजेला सवाष्णी लागतात असे म्हणणारे म्हणोत, पण जागरणाला जाग लागते. काकूला जितकी गाणी येत होती तितकी त्या गटालाही येत नव्हती, आणि तिला दारापलीकडे बसवून या रात्री जागवणाऱ्या घरांचे मला वाईट वाटते.

बुधवारी सकाळी उत्तरपूजा होते. देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, अक्षता टाकून विसर्जन करतात, अन्नपूर्णा देव्हाऱ्यात परत जाते. पत्री आणि फुले पूर्वी वाहत्या पाण्यात सोडत. आम्ही ती बागेत मातीखाली घालतो, मात्र विषारी पाला गुरांच्या तोंडी जाणार नाही अशा बेताने.

पाचव्या वर्षी उद्यापन असते. त्या श्रावणातला कुठलाही सोयीचा मंगळवार त्यासाठी धरतात, पण शेवटच्या मंगळवारावर विसंबू नये, कारण तोच हुकला तर पुढे जागा उरत नाही. पूजा नेहमीसारखी होते, काही घरांत होम करतात, आणि मग वाण दिले जाते. तांब्याचे किंवा पितळेचे पातेले घेतात, त्यात लाडू भरतात, ऐपतीप्रमाणे चांदीचा किंवा सोन्याचा छोटा नाग ठेवतात आणि वरून खणाने त्याचे तोंड बांधतात. हे वाण घेण्याचा मान आईचा. कऱ्याच्या जागी पातेले आले, अंगातल्या चोळीच्या जागी चोळीचा खण आला, भुकेल्या नवऱ्याला दिलेले लाडू आत आले आणि सर्प चांदीचा झाला. बाकी सगळे त्या रात्रीनंतरच्या सकाळचे आहे. म्हणूनच हे वाण पाकिटात पैसे घालून किंवा तयार भेटवस्तू देऊन उरकू नये, असे मला फार वाटते. त्यातला खण काढून टाकला तर गाठ सोडायला काही उरत नाही, आणि आईने ती गाठ स्वतःच्या हाताने सोडायची असते. नाग जाड हवा असे मुळीच नाही, पत्र्यासारख्या पातळ चांदीचा चालतो. पातेले मात्र रोज वापरता येईल असे घ्यावे. माझ्या आईने माझ्या वाणाच्या पातेल्यात पुढे कितीतरी वर्षे वरण शिजवले.

भाचीची 2025 पासूनची पाच वर्षे मोजली तर तिच्या वाट्याला एकवीस मंगळवार येतात, आणि उद्यापनाचा श्रावण 2029 मध्ये 11 ऑगस्टला लागतो. त्या वर्षी 14, 21 आणि 28 ऑगस्ट व 4 सप्टेंबर असे चार मंगळवार आहेत. शेवटच्या मंगळवारानंतर लगेच गणपतीची तयारी सुरू होईल, म्हणून आईने 21 ऑगस्ट धरून ठेवायला सांगितले आहे आणि पातेले कुठल्या मापाचे घ्यायचे हेही वहिनीला आत्ताच बजावून ठेवले आहे.